शफल आणि रिपीट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

फोनवरचा हा म्युझिक प्लेअर आठ महिने रोज वापरून झाला. आवाज उत्तम, बॅटरीही फार खात नाही. "तेच गाणं पुन्हा पुन्हा लागतं" आणि "मधली गाणी गाळतो" या तक्रारींत मात्र बहुतेकदा दोष प्लेअरचा नसतो, शफल आणि रिपीटची कामं एकमेकांत गुंतलेली असतात.

शफल फक्त क्रम ठरवतं. पत्ते पिसावेत तशी यादी एकदाच पिसली जाते आणि मग वरून एकेक गाणं लागतं. म्हणून एका फेरीत गाणं दोनदा येत नाही. आलंच तर ते यादीत दोनदा टाकलेलं आहे का ते पाहावं. गाणं किंवा यादी संपल्यावर काय करायचं, हे रिपीट ठरवतं.

खरा घोळ शफल मध्येच बंद केल्यावर होतो. समजा यादीत 10 गाणी आहेत आणि पिसलेला क्रम 7, 2, 10, 4 असा आहे. तिसरं, म्हणजे 10 नंबरचं गाणं चालू असताना शफल बंद केलं, की प्लेअर मूळ यादीत 10 नंबरवर येऊन बसतो. रिपीट बंद असेल तर हे गाणं संपताच सगळं थांबतं, सात गाणी न वाजताच. 'सगळी रिपीट' असेल तर पुढे 1 लागतं, मग 2, जे नुकतंच ऐकलेलं असतं. शफल पुन्हा चालू केलं तर चालू गाणं पहिलं धरून बाकीची नऊ नव्याने पिसली जातात, त्यामुळे 7 लगेच परत येऊ शकतं. कोणती गाणी वाजून झाली याची नोंद तो ठेवत नाही. ही उणीव खरी.

'एक रिपीट' लावलं (रिपीटच्या चिन्हावर छोटा 1 दिसतो) की शफलचा परिणाम दिसेनासा होतो, पण ते बंद झालेलं नसतं. पुढचं बटण हाताने दाबलं की पिसलेल्या क्रमातलंच पुढचं गाणं येतं, आणि मग तेच फिरत राहतं. शेवटच्या गाण्यावर असताना मात्र पुढचं बटण दाबून काहीच होत नाही. मागचं बटणही फसवं आहे: गाणं 3 सेकंदांपेक्षा जास्त वाजलं असेल तर मागचं गाणं न येता हेच सुरुवातीपासून लागतं.

गाडीत बसल्यावरच गाणं अडकत असेल, तर फोनआधी स्टिरिओच्या पडद्यावरचं रिपीटचं चिन्ह बघा. ब्लूटूथवरून स्टिरिओ फोनमधला रिपीट आणि शफल बदलू शकतो.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा रिपीटच्या चिन्हावरच्या त्या बारीक 1 साठी कापला, उन्हात तो दिसतच नाही.