डिझायनरकडून लोगोच्या सर्व फाइली मागवणारा ई-मेल: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लोगोच्या फाइली मागवण्यासाठी लिहिलेला ई-मेल किती चांगला होता हे डिझायनरचे उत्तर आल्यावर कळत नाही. पाऊच छापून येतात, खोक्यांवर शिक्का उमटतो आणि ॲप्रनवर टाके पडतात, तेव्हा ते कळते. आमचा मसाले-पापडांचा लहान गृहउद्योग आहे. लोगोत खलबत्त्याचे चित्र, त्याखाली देवनागरीत नाव आणि नावाखाली बारीक अक्षरांतली एक ओळ आहे. डिझायनरने प्रथम व्हॉट्सॲपवर एकच जेपीजी पाठवली होती. छापखान्याने ती पाहून ‘कोरल किंवा कर्व्ह केलेली पीडीएफ द्या’ असे सांगितले, म्हणजे त्याला ठिपक्यांच्या चित्राऐवजी रेघा-आकारांची, कितीही मोठी केली तरी न फाटणारी व्हेक्टर फाइल हवी होती, म्हणून मी सविस्तर ई-मेल लिहिला. त्यातून मिळालेल्या फाइली आम्ही गेले काही महिने छपाई, संकेतस्थळ आणि भरतकाम या तिन्ही कामांसाठी वापरत आहोत. ई-मेलचा मुख्य मजकूर असा होता:

‘सप्रेम नमस्कार. लोगोचे अंतिम रूप आम्हाला मान्य आहे. हा लोगो मसाल्याच्या पाऊचवर व पुठ्ठ्याच्या खोक्यांवर छापायचा आहे, संकेतस्थळावर व व्हॉट्सॲपवर लावायचा आहे, तसेच ॲप्रनवर ९० मिमी रुंदीत आणि टोपीवर ५० मिमी उंचीत भरतकामाने काढायचा आहे. कृपया आडवी व उभी मांडणी आणि नुसते चिन्ह, अशी तीन रूपे रंगीत, एकरंगी काळी आणि गडद पार्श्वभूमीसाठी पांढरी, अशा तीन आवृत्त्यांत पाठवावीत. छपाईच्या फाइली व्हेक्टर असाव्यात व त्यांतील अक्षरे आउटलाइनमध्ये रूपांतरित केलेली असावीत. याशिवाय अक्षरे बदलता येतील अशी एक मूळ फाइल आणि फॉन्टचे नाव द्यावे. रंगांचे पॅन्टोन क्रमांक, सीएमवायके टक्केवारी आणि हेक्स कोड लिहून द्यावेत. भरतकामासाठी आपण सुचवाल ती सोपी केलेली आवृत्ती हवी आहे. यांपैकी जे मूळ दरात बसत नसेल त्याचे वेगळे शुल्क कळवावे.’

त्याखाली फाइलींच्या नावांचा नमुना दिला होता:

```
print/logo_aadva_cmyk.pdf
print/logo_aadva_kala.pdf
print/logo_aadva_pandhra.pdf
web/logo_aadva_rgb.svg
web/logo_chinha_512.png
bharatkam/logo_aadva_sope.pdf
```

या मजकुरातील सर्वांत उपयोगी ठरलेला भाग म्हणजे वापराची ठिकाणे आणि मापे. फक्त ‘सर्व फॉरमॅट द्या’ असे लिहिले की बहुतेक डिझायनर एकच चित्र एआय, ईपीएस, पीडीएफ, पीएनजी आणि जेपीजी अशा पाच विस्तारांत साठवून पाठवतात. त्यामुळे फोल्डर भरलेला दिसतो, पण एकरंगी किंवा पांढरी आवृत्ती त्यात नसते. पुठ्ठ्याच्या खोक्यावर एकाच रंगात छापायचे आहे असे स्पष्ट लिहिल्यामुळे आमच्या डिझायनरने खलबत्त्यावरील छटा काढून त्या जागी रेघा घातल्या. पांढऱ्या आवृत्तीतही त्याने रंग नुसते उलटवले नाहीत. तसे केले असते तर खलबत्त्यावरचा उजेडाचा भाग काळा पडून चित्र जुन्या फोटोच्या निगेटिव्हसारखे दिसले असते, म्हणून तेवढा भाग त्याने नव्याने काढला.

अक्षरे आउटलाइनमध्ये हवीत हा आग्रह इंग्रजी लोगोपेक्षा देवनागरी लोगोसाठी अधिक महत्त्वाचा आहे. छापखान्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर दुसरा फॉन्ट आपोआप बसतो, आणि त्यात जोडाक्षरे सुटी होणे, रफार भलत्या अक्षरावर जाणे किंवा वेलांटी पुढेमागे सरकणे असे प्रकार होतात. कोरलमध्ये ज्याला कर्व्ह करणे म्हणतात तेच इलस्ट्रेटरमध्ये आउटलाइन करणे. त्यानंतर अक्षर हे अक्षर राहत नाही, आकार होतो, त्यामुळे ते कुठेही तसेच दिसते, पण नंतर बदलता येत नाही. म्हणूनच मूळ फाइल वेगळी मागितली होती. फॉन्टची फाइल मात्र मी मागितली नाही, कारण परवाना डिझायनरच्या नावावर असेल तर तो ती देऊ शकत नाही. नाव कळले की आपला परवाना आपल्याला घेता येतो.

आलेल्या फाइली तपासल्याशिवाय ‘मिळाल्या’ असे उत्तर देऊ नये. पीडीएफ शक्य तितकी मोठी करून पाहावी. कडा गुळगुळीत राहिल्या तर ती व्हेक्टर आहे, चौकोनी ठिपके दिसले तर आत चित्र चिकटवलेले आहे. एसव्हीजी फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर यापैकी काहीतरी दिसते:

```
<path d="M12 4 ...
<text font-family= ...
<image href="data:image/png;base64, ...
```

पहिली ओळ हवी असते. दुसरी दिसल्यास अक्षरे आउटलाइन केलेली नाहीत, आणि तिसरी दिसल्यास एसव्हीजीच्या नावाखाली पीएनजी पाठवलेली आहे. आम्हाला आलेल्या एका फाइलमध्ये तिसरी ओळ सापडली. ती कळवल्यावर डिझायनरने त्याच दिवशी नवी फाइल दिली. मागणी लेखी असल्याने त्यावर वाद झाला नाही.

रंगांबाबत दोन गोष्टी अनुभवाने पक्क्या झाल्या. आमचा लाल रंग पॅन्टोन या ठरावीक शायांच्या क्रमांकपद्धतीत ४८५ सी आहे आणि पडद्यासाठी त्याचा कोड #DA291C आहे. ‘सी’ म्हणजे चकचकीत कागदावरचा नमुना आणि ‘यू’ म्हणजे लेप नसलेल्या कागदावरचा. शाई तीच असली तरी साध्या कागदावर ती शोषली जाते आणि रंग मंद दिसतो, म्हणून लेटरहेडवरचा लाल आणि पाऊचवरचा लाल तंतोतंत जुळवण्याचा हट्ट आम्ही सोडला. रोटोग्रॅव्हर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागत असल्याने लाल आणि काळा या दोनच स्पॉट, म्हणजे आधीच मिसळलेल्या शाईच्या, रंगांची फाइल हाताशी असणे खर्चाच्या दृष्टीनेही सोयीचे ठरले. दुसरी गोष्ट काळ्याची. आरजीबी, म्हणजे पडद्यावरच्या रंगांची, फाइल तशीच सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, बदलली की शुद्ध काळ्याऐवजी चारही शाया मिसळलेला काळा तयार होतो, आणि छपाईत प्लेटा केसभर सरकल्या तरी बारीक अक्षरांना रंगीत कडा येतात. ई-मेलच्या पुढच्या आवृत्तीत मी ‘काळा फक्त के १०० असावा’, म्हणजे तो निव्वळ काळ्या शाईचा असावा, हे वाक्य घातले आहे.

संकेतस्थळाच्या फाइलींबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. एसव्हीजी आणि पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी यांवर सर्व भागले. ब्राउझरच्या टॅबवर ३२ पिक्सेलमध्ये पूर्ण नाव वाचता येत नाही, तेथे नुसते चिन्ह लागते. व्हॉट्सॲप प्रोफाइलचे चित्र गोल कापते, तेव्हा त्यासाठीच्या चौकोनात चहूबाजूंनी मोकळी जागा सोडायला सांगावे.

भरतकामाचा भाग मात्र सविस्तर लिहिण्याजोगा आहे. भरतकामाची मशीन चित्र वाचत नाही. तिला सुई कोठे टोचायची, कोठे उडी घ्यायची आणि धागा कोठे बदलायचा याची यादी लागते, आणि ती डीएसटी फाइलमध्ये असते. ही फाइल तयार करण्याच्या कामाला पंचिंग म्हणतात. लोगो काढणारा डिझायनर सहसा पंचिंग करत नाही. आमच्यानेही तसे स्पष्ट कळवले, आणि ते योग्यच होते, कारण सॉफ्टवेअरमधून एका बटणावर काढलेली डीएसटी कापडावर बहुधा फसते. म्हणून ई-मेलमध्ये डीएसटी न मागता सोपी केलेली व्हेक्टर आवृत्ती मागणे हाच मला या मजकुराचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

९० मिमी रुंदीत आमच्या लोगोचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. नावाखालची ओळ जेमतेम ३ मिमी उंच येत होती. टाक्यांत वाचता येण्यासाठी अक्षर निदान ५ ते ६ मिमी उंच लागते. देवनागरीत वर मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर असल्याने तेवढेही कधी कधी अपुरे पडते, आणि ‘शुद्ध’मधील ‘द्ध’ धाग्याचा गोळाच होतो. त्यामुळे ती ओळ पूर्ण काढली. शिरोरेषा त्या मापात एक मिलिमीटरपेक्षाही बारीक होत होती, ती सुमारे दीड मिलिमीटर जाड केली, तेव्हा कोठे सॅटिन टाका, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दाट भरत जाणारा टाका, नीट बसला. अनुस्वाराचा ठिपकाही मोठा करावा लागला. रंगछटा अर्थातच गेल्या, कारण मशीनकडे धाग्याचे रंग असतात, त्यांच्या मधल्या छटा नसतात.

ॲप्रन आणि टोपी यांची मापे वेगवेगळी लिहिल्याचाही फायदा झाला. एकच डीएसटी लहानमोठी करून दोन्हीकडे चालवता येत नाही. मशीनवर आकार बदलला तरी टाक्यांची संख्या तीच राहते, त्यामुळे मोठे केल्यास मधून कापड दिसते आणि लहान केल्यास टाके दाटून कापड आकसते व सुई तुटते. साधारण दहा टक्क्यांच्या पलीकडे जाऊ नये, असे पंचिंगवाल्याने बजावले. शिवाय टोपीला मध्यभागी शिवण असते, म्हणून तिच्यावर काम खालून वर आणि मधून बाहेर असे चालवतात. तिची फाइलच निराळी असते.

डीएसटीमध्ये रंग बदलण्याची जागा असते, पण तेथे कोणता रंग लावायचा हे नसते. त्यामुळे धाग्यांचे क्रमांक आणि त्यांचा क्रम मी पंचिंगवाल्याकडून कागदावर लिहून घेतला. त्याच्याकडून डीएसटीबरोबर बदल करता येण्याजोगी ईएमबी फाइलही मागून घ्यावी. नमुना टाका आला की तो उलटून पाहावा. सॅटिन टाक्याच्या मागे बॉबिनचा पांढरा धागा मधल्या साधारण एकतृतीयांश पट्ट्यात दिसला तर ताण बरोबर आहे. पांढरा धागा पुढून डोकावत असेल तर वरचा ताण जास्त आहे, आणि तो कमी करून दुसरा नमुना मागावा.

ई-मेलच्या मूळ मजकुरात हक्कांचा उल्लेख नव्हता, तो आता वाढवला आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी व सहीनिशी असावे लागते, आणि त्यात मुदत व प्रदेश लिहिला नसेल तर मुदत पाच वर्षे आणि प्रदेश भारतापुरता धरला जातो. आपण पैसे दिले म्हणजे सर्व हक्क आपोआप आपले झाले, असे स्वतंत्र काम करणाऱ्या डिझायनरच्या बाबतीत गृहीत धरता येत नाही. म्हणून शेवटच्या हप्त्यापूर्वी ‘लोगोचे सर्व हक्क कायमस्वरूपी व जगभरासाठी हस्तांतरित केल्याचे सहीचे पत्र फाइलींसोबत द्यावे’ एवढे एक वाक्य घालावे. आमच्या डिझायनरने असे पत्र नंतर कोणतेही शुल्क न घेता दिले, परंतु प्रत्येक जण देईलच असे नाही, आणि पैसे पूर्ण चुकते झाल्यावर ते मागणे अवघड जाते.