एकच एसओपी सगळ्या विद्यापीठांना: काही महिने वापरल्यावर

परदेशी प्रवेशासाठी कन्सल्टन्सीवाल्याने विद्यापीठामागे एसओपीचा, म्हणजे तिथे का शिकायचंय हे सांगणाऱ्या निबंधाचा, वेगळा दर सांगितला, तेव्हाच ठरवलं, आपला आपण एक बेस ड्राफ्ट करायचा आणि त्यातले पॅरे बदलत सगळीकडे धाडायचा. पावसाळ्यापासून डिसेंबरच्या डेडलाइनींपर्यंत हेच केलं. शिक्षण सिव्हिलचं, पुढे जायचं पाण्याच्या विषयात, अर्ज अमेरिका आणि जर्मनीला.

मांडणी नेहमीचीच. सुरुवात, प्रोजेक्ट, नोकरीतलं काम, मग 'हेच विद्यापीठ का', आणि शेवटी पुढचा विचार. चौथा पॅरा दर ठिकाणी नवा, बाकी सगळं कायम. पहिले काही आठवडे मी जाम खूश होतो, मुख्यतः वाचलेल्या पैशांमुळे.

मग सलग वाचायला लागलो आणि चिडचिड सुरू झाली. चौथ्या पॅरात प्राध्यापकाचं संशोधन, लॅबचं नाव, कोर्सची नावं, सगळं ओतलं होतं. तरीही तो वेबसाइटवरून उचलून आणल्यासारखाच वाटायचा. कारण त्याच्या आधी नोकरीचा पॅरा, आणि त्याच्याही आधी प्रोजेक्टचा पॅरा असा संपायचा: 'या प्रोजेक्टमुळे मला पूरव्यवस्थापनात रस निर्माण झाला.' या वाक्यापुढे जगातलं कुठलंही विद्यापीठ चिकटवा, चालतं. तिथेच माझं मत बदललं. उसनेपणा चौथ्या पॅरात नसतो, प्रोजेक्टच्या शेवटच्या दोन वाक्यांत असतो. हे पटल्यावर मी नोकरीचा पॅरा प्रोजेक्टच्या आधी नेला, म्हणजे प्रोजेक्ट आणि 'हेच विद्यापीठ का' यांचा सांधा थेट जुळेल.

माझा प्रोजेक्ट म्हणजे पंचगंगेच्या 2019 च्या पुराचं HEC-RAS या सॉफ्टवेअरमधलं मॉडेल. राजाराम बंधाऱ्यापाशी इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43, हे कोल्हापूरकरांना पाठ असतं. काय केलं, माहिती कुठून घेतली, हा भाग सगळीकडे शब्दशः तोच ठेवला. बदललं ते एवढंच, की प्रोजेक्टला कशाचं उत्तर देता आलं नाही. अशा तीन गोष्टी निघाल्या.

आयोवा विद्यापीठासाठी शेवट असा केला: दोन मोजमाप ठिकाणांच्या मधल्या गावांत पाणी कधी चढलं हे पडताळायला नोंदीच नव्हत्या. पुढचा पॅरा त्यालाच धरून सुरू. 2008 च्या पुरानंतर 2009 मध्ये तिथे आयोवा फ्लड सेंटर उभं राहिलं, आणि ते पुलांवर सेन्सर बसवून पाण्याची पातळी मोजतं. मला नेमकी तीच उणीव भरायला शिकायचं होतं.

युटा स्टेटसाठी तोच प्रोजेक्ट वेगळ्या जागी सोडला. कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा पुरात पूर्ण बुडतो, आणि वरून किती पाणी जातं ते काढायला मी पुस्तकातला विसर्ग गुणांक धरला होता तो मोकळ्या सांडव्याचा. बुडालेल्या बंधाऱ्यासाठी किती घ्यायचा हे प्रतिकृतीवर मोजूनच कळतं, आणि युटा स्टेटच्या लोगनमधल्या वॉटर रिसर्च लॅबोरेटरीत धरणं-सांडव्यांच्या प्रतिकृतींवर काम चालतं.

स्टुटगार्टच्या WAREM या पाणी-व्यवस्थापनाच्या मास्टर्स कोर्ससाठी नृसिंहवाडी. तिथे पंचगंगा कृष्णेला मिळते, पण कृष्णाच फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी मागे तुंबतं. माझ्या मॉडेलमध्ये कृष्णेची पातळी हा बाहेरून भरलेला आकडा होता. प्रत्यक्षात तो दोन राज्यांतल्या धरणांच्या विसर्गावर हलतो, म्हणजे प्रश्न हायड्रॉलिक्सच्या बाहेर पाणी-व्यवस्थापनात जातो.

कायमच्या मजकुराला हात न लावता तीन वेगवेगळे अर्ज झाले. तपासायला सोपी युक्ती: विद्यापीठांची आणि लॅबची नावं खोडून ड्राफ्ट आतेभावाच्या हातात दिले आणि कुठला कुठे जातो ते ओळखायला सांगितलं. तो मेकॅनिकलचा, पाण्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी वेबसाइटी उघडून त्याने जोड्या लावल्या. ज्या ड्राफ्टवर अडखळला, तो मी पुन्हा लिहिला.

एक अनपेक्षित फायदा झाला. जर्मन विद्यापीठांसाठी अर्ज घेणाऱ्या युनि-असिस्टची फी पहिल्या अर्जाला 75 युरो आणि त्याच सत्रात पुढच्या प्रत्येकाला 30, म्हणून 'स्वस्तात पडतंय' करत मी यादी फुगवली होती. पण काही कोर्सना जोडता येईल असा अर्धवट प्रश्न माझ्या प्रोजेक्टमध्ये सापडेचना. ते कापले. 30 युरो म्हणजे काही फुकट नाही.

पद्धत कुठे तोकडी पडते? प्रश्नांचे तुकडे करून छोट्या चौकटी देणारे फॉर्म असतील तर सांध्याला जागाच उरत नाही. आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे कॅम्पस एसओपीखेरीज पर्सनल हिस्ट्री स्टेटमेंट मागतात. तिथे घरची पार्श्वभूमी, अडचणी, शिक्षणाची वाट सांगायची असते. बेस ड्राफ्टमधला उरलेला मजकूर तिथे ढकलायचा मोह होतो, पण जमत नाही. ते कोऱ्या कागदापासूनच लिहावं लागलं, आणि कन्सल्टन्सीवाला त्याचेही वेगळे पैसे घेणार होता.