दोन चिखलण्या आणि एक पांढरट तेल: मागील भागातील तेलाचा अनुभव

माझा ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर कुडाळजवळच्या भातखाचरांत जून-जुलैमध्ये चिखलणी करतो आणि ऑक्टोबरपासून झोडणीयंत्र व ट्रॉली ओढतो. इंजिन ऑइलबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. पुस्तिकेत सांगितलेले १५डब्ल्यू-४० मी २५० तासांनी बदलतो. मात्र हंगामात दिवसाला दहा तास काम झाले, तर हे २५० तास पंचवीस दिवसांतच भरतात, हे ध्यानात ठेवावे लागते.

खरा मनस्ताप मागील भागातील तेलाने दिला. माझ्या ट्रॅक्टरात गिअर, लिफ्ट आणि तेलातले ब्रेक यांना मिळून एकच तेल लागते, सुमारे ४० लिटर. दोन वर्षांपूर्वी दुकानदाराच्या सांगण्यावरून मी साधे ६८ नंबरचे हायड्रॉलिक तेल भरले आणि जवळजवळ ४,००० रुपये वाचवले. लिफ्ट उत्तम चालली, पण ब्रेक दाबताच मागून घरघर येऊ लागली आणि पावसाळा संपेपर्यंत ती वाढतच गेली. ब्रेकच्या चकत्यांना पकड घेताना लागणारे घर्षणाचे गुण साध्या हायड्रॉलिक तेलात नसतात, हे मला उशिरा कळले. पुस्तिकेत सांगितलेले, तेलातल्या ब्रेकसाठीचे तेल भरल्यावर आवाज बराच कमी झाला.

पुढच्या जुलैमध्ये मात्र हेच महागडे तेल डिपस्टिकवर ताकासारखे पांढरट दिसू लागले. ते बनावट असावे असे समजून मी दुकानात जाऊन चार शब्द ऐकवूनही आलो. घरी तापलेल्या तव्यावर त्याचा थेंब टाकला, तेव्हा तो तडतडला. तेलात पाणी होते. रात्रभर ट्रॅक्टर उभा ठेवून सकाळी ड्रेन प्लग किंचित सैल केला, तरी पाणी वेगळे निघाले नाही, कारण ते तेलात पार मिसळून गेले होते. चाळीसही लिटर टाकून द्यावे लागले.

दोष तेलाचा नव्हता. गिअर आणि तेल असलेल्या मागील पेटीत हवा आत-बाहेर जाऊ देणारा ब्रीदर चिखलाने बुजला होता. तासन्‌तास तापलेला ट्रॅक्टर आम्ही जेवणाच्या वेळी खाचरातल्या पाण्यातच उभा करत असू. पेटी थंड होताच आतली हवा आक्रसते आणि ब्रीदर बंद असल्यामुळे एक्सलच्या सीलच्या कडेतून पाणी आत ओढले जाते. आमचे एका बाजूचे सील आधीच झिजले होते. दुकानदाराची माफी मागून त्याच्याच दुकानातून सील आणि तेल पुन्हा घेतले, आणि त्यानेही एका रुपयाची सूट दिली नाही.

यंदाच्या चिखलणीत रोज सकाळी ब्रीदर पुसला, लिफ्ट खाली टेकवून सपाट जागी तेल पाहिले आणि जेवणाला ट्रॅक्टर बांधावर चढवला. सप्टेंबरअखेरही डिपस्टिकवरचे तेल स्वच्छ सोनेरी आहे.