ट्रान्सपोर्टरचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करताना: सरसकट वाढ की डिझेलला बांधलेला दर?

रत्नागिरीकडे आंब्याच्या पल्पचं युनिट, माल वाशी नाहीतर कोल्हापूरला. तुमचंही असंच काही असेल आणि वर्षाचं रेट कॉन्ट्रॅक्ट संपत आलं असेल तर ट्रान्सपोर्टरचं पत्र टेबलावर असणारच, डिझेल वाढलं, टायर वाढले, आठ टक्के द्या. मालकांपुढे रिन्यूअलचं प्रपोजल ठेवायचं ते दोन पद्धतीने ठेवता येतं. जुन्या अटींवर सरसकट टक्केवारी द्यायची, किंवा दर डिझेलला बांधून गाडी लावण्याच्या अटी नव्याने घालायच्या. मी दोन्ही केलंय.

सरसकट वाढीचं सुख आहे हे मान्य करायला हवं. एका पानाचं पत्र, अकाउंट्सवाल्याला एकच आकडा, वर्षभर बिल तपासायला डोकं लागत नाही. समजा वाशीचा दर १८,००० आहे, आठ टक्क्यांनी १९,४४०, विषय संपला.

डिझेलवाल्या पद्धतीत पहिल्यांदा जरा बसावं लागतं. आमच्या रूटला भाड्यातला साधारण अर्धा भाग डिझेलचा धरला (ट्रान्सपोर्टर साठ म्हणत होता, जाऊन येऊन किती लिटर लागतं ते कागदावर मांडल्यावर पन्नासवर आला). म्हणजे करारावर सही करताना पंपावर ९० रुपये असेल आणि पुढे ९४.५० झालं, तर डिझेल पाच टक्के वाढलं, भाडं अडीच टक्के वाढणार, १८,०००चे १८,४५०. उतरलं तर भाडंही उतरणार, हे मात्र स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर वाढीचं पत्र वेळेवर येतं आणि उतरल्याचं कधीच येत नाही. कुठल्या पंपाचा कुठल्या तारखेचा भाव धरायचा तेही लिहा.

पण माझा कल ठरला तो दरावरून नाही, गाडी न येण्यावरून. एप्रिल-मे मध्ये अख्खी रत्नागिरी वाशीला पेट्या भरत असते, तेव्हा आमच्या डब्यांना कोण विचारतो. संध्याकाळी फोन केला की "साहेब, गाडी निघाली, पालीत आहे", सकाळी "हातखंब्याला टायर बघतोय", आणि दुपारी फोनच बंद. हमाल सावलीत बसून, कार्टन गेटजवळ रचलेले. जुन्या करारात गाडी लेट झाली तर हजार रुपये दंड होता, तरी हेच. कारण हिशोब बघा ना, सीझनला बाजारात तीच गाडी २४,०००ला जाते, आमच्याकडे १८,०००. हजार दंड भरूनसुद्धा त्याला पाच हजार सुटतात, मग तो दंड आनंदाने भरतो! आठ टक्के वाढ दिली तरी साडेतीन हजार सुटतातच.

म्हणून नव्या प्रपोजलमध्ये दोन गोष्टी एकत्र घातल्या. १० एप्रिल ते १० जून वेगळा सीझन दर, २१,०००. आणि संध्याकाळी पाचपर्यंत इंडेंट दिला तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गाडी, दुपारी बारापर्यंत आली नाही तर आम्ही बाजारातून गाडी उचलणार आणि फरक त्याच्या बिलातून कापणार. बाजारात २४,०००, करारात २१,०००, कापले ३,०००. बाहेर जाऊन तो जेवढं जास्त कमावतो तेवढंच इकडे जातं, त्यामुळे पळण्यात अर्थ उरत नाही. गाडी आली कधी, तर आमच्या गेट रजिस्टरची वेळ धरायची, फोनवरची नाही. बाजारातल्या गाडीचं बिल त्याला दाखवायचं, नाहीतर वाद होतो.

त्याच्या बाजूनेही द्यावं लागतं, नुसत्या अटींवर शहाणा माणूस सही करत नाही. आम्ही चार तासांत गाडी भरली नाही तर हॉल्टिंग आमच्या माथी. आंबा घाटात दरड आली, गणपतीत महामार्गावर अवजड गाड्या बंद झाल्या, तर लेटचं कलम लागत नाही, आणि लांबच्या घाटाने जावं लागलं तर जादा किलोमीटरचे पैसे वेगळे.

आता पैशात कुठलं स्वस्त? माल बाराही महिने सारखा जात असेल तर दहा महिने १८,००० आणि दोन महिने २१,०००, सरासरी १८,५०० पडते, म्हणजे सरसकटच्या खालीच, डिझेल फार भडकलं नाही तर. पण अर्धा माल त्या दोन महिन्यांतच जात असेल तर १९,५००, तिथे सरसकट थोडं स्वस्त दिसेल. दिसेल म्हणतो, कारण गाडी आली तर. आणि महिन्याला एखाददुसरीच गाडी लागत असेल तर एवढा खटाटोप नकोच, सरसकट द्या.

अजून एक, आमचं कॉन्ट्रॅक्ट ३१ मार्चला संपायचं, म्हणजे आंबा तोंडावर आणि आपण गाडीसाठी अडलेले, तेव्हा कसलं बार्गेनिंग. जमलं तर प्रपोजलमध्येच मुदत ३० सप्टेंबरला संपेल अशी मागा. आमच्या ट्रान्सपोर्टरने बाकी सगळं ऐकलं, यावर मात्र तीन दिवस फोन उचलला नाही.