बचत गटाच्या चर्चेसाठी मार्गदर्शिका: पूर्ण लिहिलेले प्रश्न की नुसते मुद्दे?

समजा, गावोगावच्या बचत गटांशी चर्चा करायची आहे: एका चर्चेला सुकी मासळी विकणाऱ्या आठ बायका, वेळ दीड तास, विषय गटातलं अंतर्गत कर्ज.

पूर्ण प्रश्न लिहून नेले की सगळ्या गावांत शब्द तेच राहतात, तुलना सोपी होते. चर्चा चालवणाऱ्या नवख्या संचालिकेला हेच बरं. पण पंधरा-वीस प्रश्न झाले की चर्चेची जनगणना होते. "कर्जाचा उपयोग झाला का?" म्हटलं की एका सुरात "हो, झाला की!" येतं आणि विषय तिथेच मिटतो.

मुद्द्यांच्या मार्गदर्शिकेत पाच-सहा मुख्य प्रश्न पुरतात; जोर खोदप्रश्नांवर. मुख्य प्रश्न असा: "पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा गटातून पैसे कशाला उचलले जातात?" उत्तर आलं "घरखर्चाला", तर खाली तयार ठेवा: "घरखर्च म्हणजे नेमकं काय काय?", "उचलायचं कोणी ठरवलं?", "हप्ता चुकला तर बैठकीत काय होतं?" शेवटचा प्रश्न "तुमचा हप्ता कधी चुकला?" असा विचारू नये; शेजारणींसमोर कोण सांगेल? "का?" सुद्धा जपून, तो जाब विचारल्यासारखा लागतो. अध्यक्ष-सचिवांना वेगळं बसवा, नाहीतर बाकीच्या त्यांच्याकडे बघून बोलतात.

यात धोका एकच: संचालिका कच्ची असेल तर गप्पा मासळीच्या भावातच अडकतात. म्हणून प्रत्येक मुद्द्यापुढे मिनिटं लिहा. आमचा कौल मुद्द्यांना. फक्त सुरुवातीचा प्रश्न आणि हप्त्याचा नाजूक प्रश्न शब्दशः लिहून न्यावा.