काजूगराचा साठा किलोत ठेवावा की ग्रॅममध्ये?

वेंगुर्ल्यात आमचं काजू-कोकमाचं दुकान आहे. संगणकावर साठा ठेवण्याचे दोन्ही प्रकार मी वापरून पाहिले आहेत: आधी किलो, तीन दशांश स्थळांसह, आणि आता पूर्ण ग्रॅम, दशांशाशिवाय. तुम्ही नवीन प्रणाली बसवणार असाल किंवा कुणाकडून लिहून घेणार असाल, तर हा निर्णय पहिल्याच दिवशी करावा लागतो आणि नंतर बदलणं जिवावर येतं.

किलोची बाजू आधी सांगतो, कारण ती कमकुवत नाही. खरेदीचं बिल किलोत, भाव किलोचा, हिशेबनीसालाही किलोच हवे. पडद्यावरचा आकडा आणि पिंपावरची चिठ्ठी थेट जुळते. ज्याची विक्री गोणीनेच होते, त्याने किलो ठेवला तर माझी काही हरकत नाही.

आमची विक्री मात्र पाकिटांची. गणपतीच्या तोंडावर ५० किलो काजूगर आले. पाव किलोची ६० पाकिटं आणि दीड किलोची २ पाकिटं गेली, म्हणजे १८ किलो. पिंपात ३२ किलो उरले आणि संगणक दाखवत होता ४८. चोरीची शंका घरच्या माणसांवर गेली, ते मला फार लागलं. रात्री बिलं मांडून बसलो तेव्हा उलगडलं. तूट होती १६ किलो: ६० पावांचे १५ आणि दोन दीड किलोंमधले अर्धे-अर्धे मिळून १. म्हणजे प्रत्येक बिलातला किलोच्या खालचा भाग गळून जात होता. वजनकाटा बारकोडमध्ये ग्रॅम पाठवतो, २५० असे, आणि प्रणाली त्याला १००० ने भागताना दोन्ही पूर्णांक धरत होती:

```sql
SELECT 250/1000;    -- 0
SELECT 1500/1000;   -- 1
SELECT 250/1000.0;  -- 0.25
```

हे पोस्टग्रेसमधलं उदाहरण. सगळीकडे असंच होतं असं नाही, पण पुष्कळ ठिकाणी होतं.

भाच्याने 1000.0 केलं, तरी पाकिटं विकून साठा हलेना. आता कारण निराळं होतं. बिलाच्या पडद्याने २५० चे 0.250 केले आणि साठ्यातून वजा करणाऱ्या भागाने ते पुन्हा १००० ने भागले. झाले 0.00025, तीन दशांशांत 0.000. दोन वेगळे दोष, पडद्यावर लक्षण एकच. ओळखायचं असेल तर १० किलोचं एक खोटं बिल करा आणि तपासून झालं की रद्द करा. साठ्यातून नेमके १० किलो गेले, पण पाव किलोला काहीच जात नाही, तर अपूर्णांक गळतोय. १० किलोला फक्त १० ग्रॅम गेले, तर भागाकार दोनदा होतोय.

मला किलो सोडायला लावलं ते या दुसऱ्या दोषाने. 0.250 हा आकडा आधीच बदललेला आहे की अजून बदलायचा आहे, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. खरेदी, विक्री, परत आलेला माल, फुटकळ तूट, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आठवण ठेवायची. ग्रॅममध्ये रकान्याचं नावच `qty_g` आणि प्रकार पूर्णांक. रूपांतर दोनच दारांशी: किलोत टाइप केलेलं आत येताना आणि पडद्यावर किंवा कागदावर दाखवताना. आत कुठे अपूर्णांक दिसला, की काहीतरी बिघडलंय हे लगेच समजतं.

ग्रॅमलाही त्याचे काच आहेत, ते लपवत नाही. आत येतानाचा गुणाकार साध्या फ्लोटमध्ये केला तर 1.005 × 1000 हे 1004.9999999999999 येतं, आणि पुढचं नुसतं कापलं तर १००४ ग्रॅम उरतात. त्यामुळे कापायचं नाही, जवळच्या पूर्णांकाला न्यायचं, किंवा आधीपासून डेसिमल प्रकार वापरायचा. भाव मात्र ग्रॅमवर आणू नका. ९८५ रुपये किलोचे ग्रॅममागे 0.985 होतात. ते 0.99 केले तर ५० किलोंवर २५० रुपयांचा फरक पडतो. भाव किलोचाच ठेवून ग्रॅम गुणिले भाव भागिले १००० करा, आणि पैसे अगदी शेवटी पूर्ण करा. साडेबारा ग्रॅमची मसाल्याची पुडी विकत असाल, तर ग्रॅमही अपुरा पडेल. तिथे मिलिग्रॅम धरावा, किंवा पुडी नगावर मोजावी.

आमच्या पाकिटांच्या धंद्याला तरी मला ग्रॅमच सोयीचा वाटला. बदल करायचा ठरवलात, तर जुन्या साठ्याला १००० ने गुणून नवा आकडा काढू नका, कारण जुनी चूकही तशीच सोबत येईल. एका रात्री दुकान बंद केल्यावर पिंपं काट्यावर चढवा आणि तोच आकडा ग्रॅममध्ये आरंभीचा साठा म्हणून भरा. आम्हाला त्याला साडेतीन तास लागले, आमसुलांच्या बरण्यांसकट.