केस स्टडीसाठी ब्रॉकटन घ्यावी की मॉसबर्न?

शैक्षणिक नेतृत्वाच्या अभ्यासक्रमात 'निकाल सुधारलेली शाळा' हा विषय आला की दोन नावं हमखास पुढे येतात. एक अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं ब्रॉकटन हायस्कूल आणि दुसरी लंडनच्या हॅकनी भागातली मॉसबर्न अकॅडमी. दोन्हीकडे गरीब वस्तीतली मुलं आणि डोळ्यांत भरणारे निकाल होते. पण मुख्याध्यापकाच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, हे पाहिलं तर दोन्ही शाळांत फारसं साम्य उरत नाही.

मॉसबर्नची गोष्ट सांगायला सोपी. हॅकनी डाउन्स ही शाळा 1995 मध्ये बंद पडली आणि त्याच जागी 2004 मध्ये मॉसबर्न सुरू झाली. इमारत नवी आणि शिक्षक नव्याने निवडलेले. पहिल्या वर्षी फक्त सातवीचा वर्ग भरला आणि पुढे दरवर्षी एकेक वर्ग वाढत गेला. मायकल विल्शॉ पहिले प्राचार्य. 2009 मध्ये पहिल्या तुकडीने जीसीएसई ही तिथली सोळाव्या वर्षीची शालान्त परीक्षा दिली, तेव्हा इंग्रजी आणि गणितासह पाच विषयांत चांगली श्रेणी मिळवणारी मुलं 80 टक्क्यांहून जास्त होती. शिस्त कडक, गणवेश कडक. अकॅडमी म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या ताब्याबाहेरची, थेट केंद्र सरकारच्या निधीवर चालणारी शाळा असल्याने पगार आणि कामाचे तास ठरवण्याची मोकळीकही होती.

अडचण अशी की इथे 'आधी' नाहीच. जुनी शाळा आणि नवी शाळा यांत सामाईक आहे ती फक्त जागा. मुलं, शिक्षक, नियम सगळं वेगळं. त्यामुळे 'नेतृत्वामुळे निकाल सुधारला' असं लिहिलंत तर परीक्षक पहिला प्रश्न विचारेल, कोणाचा सुधारला?

ब्रॉकटनमध्ये हा प्रश्न येत नाही. शाळा तीच, शिक्षक बहुतेक तेच आणि विद्यार्थी चार हजारांच्या आसपास. 1998 च्या राज्य परीक्षेत, म्हणजे एमकॅसमध्ये, 44 टक्के मुलं इंग्रजीत आणि 75 टक्के गणितात नापास झाली. त्यात 2003 मध्ये बाहेर पडणाऱ्या तुकडीपासून ही परीक्षा पास झाल्याशिवाय शाळा पूर्ण केल्याचा दाखला नाही, असं राज्याने ठरवलेलं. पुनर्रचनेसाठी शिक्षकांची एक समिती नेमली गेली. तिच्यात पुढाकार घेणाऱ्या सुसान सॅकोविच तेव्हा विभागप्रमुख होत्या, मुख्याध्यापक नंतर झाल्या. नेतृत्व म्हणजे खुर्ची असं गृहीत धरून लिहिणाऱ्यांची इथे पंचाईत होते, आणि तेच बरं आहे.

समितीचा पहिला उपाय फसला. परीक्षेत शेक्सपिअर येईल असा अंदाज बांधून त्यावर भर दिला आणि हाती काहीच लागलं नाही. मग वाचन, लेखन, बोलणं आणि तर्क ही कौशल्यं प्रत्येक विषयाच्या तासाला शिकवायची, असं ठरलं. सुरुवात दीर्घोत्तरी प्रश्नाच्या लेखनापासून. त्यासाठी दहा पायऱ्या ठरवल्या: प्रश्न नीट वाचा, कळीचे शब्द अधोरेखित करा, प्रश्नालाच विधानाचं रूप द्या, मग उतारा वाचून टिपणं काढा आणि असंच पुढे, शेवटी उत्तर पुन्हा वाचून दुरुस्त करण्यापर्यंत. विज्ञानाचा शिक्षक असो की कलेचा, पद्धत आणि गुणदानाचे निकष सगळ्यांना सारखे. कोणत्या विभागाने हे कधी घ्यायचं याचं वेळापत्रकही लागलं.

शिक्षकांना हे शिकवायला वेळ कुठला? शिक्षक संघटनेशी झालेल्या करारानुसार सभांसाठी महिन्याला दोन तास होते. आधी ते किरकोळ कारभारात जायचे. समितीने ते प्रशिक्षणाला लावले आणि ठरलेल्या वेळेपुढे एक मिनिटही न ओलांडण्याची काळजी घेतली, म्हणजे संघटनेला तक्रारीला जागा उरली नाही. माझ्या मते या केसमधला सर्वांत अभ्यासण्याजोगा निर्णय हाच, कारण इथे मर्यादा मोडली नाही की तिला वळसाही घातला नाही. तिच्या आतच जागा शोधली.

पण ब्रॉकटन घेतलीत तर एक सापळा ओळखून ठेवा. 2001 मध्ये शाळेचं नापासांचं प्रमाण झपाट्याने घसरलं आणि बहुतेक अहवाल तिथेच जल्लोष करतात. मात्र त्याच वर्षी राज्यभरात दहावीचे इंग्रजीतले नापास सुमारे 34 टक्क्यांवरून 18 वर आणि गणितातले सुमारे 45 वरून 25 वर आले. 2003 ची तुकडी तेव्हा दहावीत होती, आणि दाखला परीक्षेवर अडतोय म्हटल्यावर मुलं सगळीकडेच मन लावून पेपर सोडवू लागली होती. म्हणून शाळेचा आकडा तिच्याच जुन्या आकड्याशी नव्हे, राज्याच्या आकड्याशी ताडून पाहा. दोन्हींतला फरक वर्षागणिक कमी झाला का, हे तपासा. पुढची वर्षंही धरा, कारण खरा पुरावा त्यांत आहे.

तर निवड कशी करायची? तुम्ही चालू शाळेत काम करत असाल, शिक्षक बदलणं हाती नसेल आणि संघटनेशी जमवून घ्यावं लागत असेल, तर ब्रॉकटन. मॉसबर्न घ्या ती नवी शाळा उभारण्यावर लिहायचं असेल तरच. आणि मग प्रश्नही बदला: निकाल कसा सुधारला हे न विचारता, एकेक वर्ग वाढवत नेण्यामुळे संस्कृती रुजवायला प्राचार्यांना किती सवड मिळाली, हे विचारा.